विश्लेषण : स्टिकरवर २.९, पंपावर भरले २९… टायरमधल्या हवेचे गणित नेमके कुठे चुकते?

पहाटेचे साडेपाच. पुण्याहून कोकणात निघालेली गाडी पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबते. आत पाच माणसे, डिकी झाकण लागेना इतकी भरलेली. गाडी युरोपीय कंपनीची, अलीकडेच सेकंडहॅण्ड घेतलेली. चालकाने यूट्यूबवर कुठेतरी ऐकलेले असते की गाडी भरलेली असली तर मागच्या टायरांत हवा जास्त लागते. म्हणून तो दार उघडून चौकटीवरचे स्टिकर बघतो. भरलेल्या गाडीच्या चित्रापुढे मागच्या चाकासाठी आकडा असतो २.९.

‘दादा, मागे किती ठेवू?’ पंपावरचा मुलगा विचारतो.

‘दोन पॉइंट नऊ लिहिलंय.’

‘म्हणजे एकोणतीस ना?’

‘हो, तेच असेल.’

मुलगा यंत्रावर २९ लावतो, नोझल व्हॉल्व्हला जोडतो. यंत्र थोडी हवा सोडते, बीप वाजते, काम संपते. गाडी निघते. इथे कुणालाच काही चुकल्यासारखे वाटत नाही. पण मागच्या दोन्ही टायरांत जेवढी हवा हवी होती, त्याहून ती ३१ टक्के कमी आहे. शिवाय जास्त हवा भरून घ्यायला थांबलेली गाडी प्रत्यक्षात होती तीही थोडी हवा सोडून पुढे गेली आहे. कारण टायरमध्ये आधी साधारण ३० होती!

हा प्रसंग उदाहरणादाखल रचलेला आहे. पण त्यातली चूक कुठल्याही पंपावर सहज घडू शकते, कारण तिच्यात कुणी निष्काळजीपणा केलेला नाही. स्टिकरने बारमध्ये सांगितले, यंत्राने पीएसआयमध्ये ऐकले आणि मधला दशांश चिन्हाचा ठिपका वाटेत गळून पडला.

२.९ चे २९ का होतात?

भारतात टायरची हवा बोलण्यातून मोजली जाते ती पीएसआयमध्ये. बरेच जण एककाचे नावही घेत नाहीत. ‘पुढे तीस, मागे बत्तीस’ एवढेच म्हटले जाते. जुने लोक ‘तीस पाउंड हवा’ म्हणतात, तेही पीएसआयच. पंपावरची डिजिटल यंत्रेही बहुतेक ठिकाणी याच एककावर लावलेली असतात. युरोपातल्या गाड्यांची पुस्तिका मात्र बारमध्ये बोलते. काही स्टिकरवर दोन्ही आकडे शेजारी छापलेले असतात, मग प्रश्नच नाही. पण एकच असेल आणि तो नेमका दुसऱ्या एककातला असेल, तर हिशेब गाडीवाल्यालाच करावा लागतो.

आता गंमत बघा. एखाद्याने लांबीमध्ये फूट आणि मीटरची गल्लत केली, तर उत्तर इतके विचित्र येते की चूक लगेच लक्षात येते. इथे तसे होत नाही. कारच्या टायरमध्ये साधारणपणे २ ते ३ बार हवा असते. त्यातला ठिपका काढला की २० ते ३० असा आकडा मिळतो. आणि पंपावरच्या माणसाने दिवसभरात बघितलेले आकडे याच्याच आसपासचे असतात. दुचाकीच्या पुढच्या चाकात २५, छोट्या हॅचबॅकमध्ये ३०. त्यामुळे ‘एकोणतीस’ हा आकडा कानाला अजिबात खटकत नाही.

खरा गुणक मात्र दहा नाही, साडेचौदा आहे. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. त्यामुळे २.९ बार म्हणजे ४२ पीएसआय. ठिपका गाळणारा माणूस नकळत साडेचौदाऐवजी दहाने गुणतो आणि म्हणून स्टिकरवरचा आकडा कोणताही असो, कमतरता दर वेळी तेवढीच येते, ३१ टक्के.

साडेचौदा आले कुठून?

हा आकडा पाठ करण्याऐवजी एकदा समजून घेतला तर विसरत नाही. पीएसआय म्हणजे एक इंच लांब आणि एक इंच रुंद अशा चौकोनावर किती पाउंड वजनाचा दाब आहे, ते. मेट्रिक पद्धतीत हाच विचार एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो, असा होतो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस इंचात सुमारे ६.४५ चौरस सेंटिमीटर बसतात. एका किलोत २.२ पाउंड. म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब असेल तर चौरस इंचाला ६.४५ किलो होतील आणि त्यांचे पाउंड केले की १४.२ होतात.

बार हे एकक या ‘किलो प्रति चौरस सेंटिमीटर’पेक्षा किंचित मोठे आहे, सुमारे दोन टक्क्यांनी. कारण ते किलोच्या वजनावर नव्हे, तर पास्कल या शास्त्रीय एककावर बांधलेले आहे. एक लाख पास्कल म्हणजे एक बार. १४.२ मध्ये दोन टक्के मिळवा, १४.५ आले.

यातून आणखी एक गोष्ट सुटते. एक लाख पास्कल म्हणजेच १०० किलोपास्कल. त्यामुळे स्टिकरवर २९० असा तीन आकडी दाब दिसला आणि पुढे केपीए लिहिलेले असले, तर तो २.९ बारच आहे. बार आणि किलोपास्कल यांच्यात फक्त ठिपका सरकतो, बाकी काही नाही. ठिपका सरकवण्याची युक्ती इथे चालते. पीएसआयकडे जाताना चालत नाही.

फोन न काढता हिशेब कसा करायचा?

मोबाइलवर ‘2.9 bar to psi’ असे शोधले तर उत्तर ताबडतोब येते, पण ४२.०६०९ असे चार दशांशांचे. पंपावरचे यंत्र पूर्ण आकडाच घेते. आणि साध्या गेजमध्ये एखाद-दुसऱ्या पीएसआयचा फरक असतोच. म्हणून चार दशांशांना तिथे काही अर्थ उरत नाही. जवळचा पूर्ण आकडा पुरे.

तोंडी करायचे असेल तर पंधराने गुणा आणि उत्तरातून मूळ आकड्याचा निम्मा वजा करा. २.९ ला पंधराने गुणले की ४३.५. त्यातून २.९ चा निम्मा, म्हणजे जवळजवळ दीड, वजा केला की ४२. झाले.

गुणाकाराचाही कंटाळा असेल तर एकच खूण लक्षात ठेवावी. २ बार म्हणजे २९ पीएसआय. इथून पुढे दशांशाचे दर दोन घर वर गेले की जवळपास तीन पीएसआय वाढतात. म्हणजे २.२ ला ३२, २.४ ला ३५, २.६ ला ३८, २.८ ला ४१. बहुतेक कारचे स्टिकर एवढ्यातच येते. शेवटाकडे ही शिडी खऱ्या उत्तरापेक्षा अर्धा पीएसआय पुढे धावते, पण टायरच्या हवेत तेवढी चूक जास्तीच्या बाजूला असलेली बरी.

आणि ही खूण आपल्या उदाहरणातला घोटाळाही उघड करते. त्या मुलाने भरलेले २९ हे २.९ नव्हते. ते होते नेमके २ बार.

अर्ध्यावर आलेला आकडा कुठे न्यायचा, हा प्रश्न २.१ किंवा २.३ साठी येतो. २.१ बार म्हणजे ३०.५ आणि २.३ म्हणजे ३३.४. अशा वेळी वरचा पूर्ण आकडा, म्हणजे ३१ आणि ३४, घ्यावा. टायरमधून हवा आपोआप हळूहळू कमीच होत असते, वाढत नाही. जे होऊ नये ते म्हणजे बारचा आकडा ‘सोपा’ करणे. २.३ ला ‘दोनच्या आसपास’ म्हणून २ बार भरणे हे ऐकायला किरकोळ वाटते, पण ते ३३ ऐवजी २९ पीएसआय भरणे आहे. बारमध्ये दशांशाचे एक घर म्हणजे जवळपास दीड पीएसआय. तिथे ठिपक्यानंतरचा आकडा शोभेचा नसतो.

बदलायचा आकडा कोणता?

गुणाकार बरोबर आणि उत्तर चूक, असेही होऊ शकते. कारण गाडीवर हवेचे आकडे एकाहून अधिक ठिकाणी असतात.

भरायचा दाब लिहिलेला असतो तो चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. पुस्तिकेतही तो असतो, पण एकच पुस्तिका अनेक मॉडेलांसाठी छापलेली असते. त्यात टायरच्या मापानुसार वेगवेगळ्या ओळी असतात. त्यामुळे टायरवरचे माप, समजा २०५/५५ आर १६, बघून तीच ओळ वाचावी लागते. युरोपात छापलेल्या काही पुस्तिकांमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. तिथे २,९ असे दिसले तर ते दोन पॉइंट नऊच.

टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा मात्र वेगळ्या कामाचा आहे. ‘कमाल दाब ३५० केपीए, ५१ पीएसआय’ अशा धर्तीचा मजकूर तिथे बारीक अक्षरांत असतो. ती त्या टायरची वरची मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीची सूचना नाही. तोच टायर वजनाने वेगवेगळ्या गाड्यांना बसतो आणि प्रत्येकीचा भरायचा दाब वेगळा असतो. एक उपयोग मात्र त्याचा जरूर आहे. पंपावरचा मुलगा ४२ ऐकून ‘एवढी हवा? टायर फुटेल’ म्हणाला, तर भिंतीवरचे ५१ त्याला दाखवता येतात.

स्टिकरवर एका चाकासाठी दोन आकडे का, हेही बघायला हवे. आपल्या उदाहरणातल्या गाडीत पुढच्या चाकांसाठी दोन्ही वेळा २.३ आहे असे धरू. मागे मात्र दोन माणसे असताना २.१ आणि पूर्ण भरलेली असताना २.९. डिकीतले सामान आणि मागच्या सीटवरची तीन माणसे यांचे वजन बहुतांशी मागच्या चाकांवर येते, म्हणून ही उडी. पीएसआयमध्ये ती ३१ वरून ४२ अशी आहे. तेव्हा ‘ही गाडी एकतीसवर चालते’ असे एकदा पाठ करून ठेवणेही धोक्याचेच.

एवढ्याने काय बिघडते?

गाडीचे वजन रबर पेलत नाही, आत दाबून भरलेली हवा पेलते. टायरवर मापाच्या शेवटी ९१ असा आकडा असतो, तो वजन पेलण्याच्या क्षमतेचा संकेत आहे. ९१ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ६१५ किलो. पण ही क्षमता पुरेशी हवा असताना मोजलेली असते. या प्रकारच्या टायरसाठी युरोपीय मानकात ती २.५ बारला धरली जाते. २ बारवर त्याच टायरची क्षमता सुमारे ५१५ किलोवर येते. म्हणजे टायर तोच, नवा कोरा, तरी प्रत्येक चाकामागे शंभर किलो कमी. आणि हे नेमके त्या दिवशी, ज्या दिवशी गाडी सगळ्यात जास्त भरलेली आहे.

हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. तार सारखी वाकवली की गरम होते, तसेच रबर आणि त्यातले धागे तापतात. गावातल्या वेगात ही उष्णता बाहेर पडायला वेळ मिळतो. द्रुतगती मार्गावर तासन्‌तास शंभरच्या वेगाने, मे महिन्याच्या उन्हात, तो मिळत नाही. टायर एकाएकी फुटल्याच्या घटनांमध्ये ‘उन्हामुळे हवा वाढली आणि फुटला’ असे पहिले बोलले जाते. त्यामुळे अनेक जण उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात. पण चांगल्या स्थितीतल्या टायरला उन्हाने वाढलेले तीन-चार पीएसआय जड जात नाहीत. त्याला जड जाते ते कमी हवेत वाकत राहणे. म्हणजे उपाय म्हणून केलेली गोष्टच आजार वाढवते.

गाडी इशारा देत नाही का?

टायरमधला दाब कमी झाला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावणारी यंत्रणा आता बऱ्याच गाड्यांत असते. मग २९ भरल्यावर तो का लागू नये?

कारण हा दिवा थोड्याशा कमतरतेसाठी बनवलेलाच नाही. अमेरिकेच्या नियमात, उदाहरणार्थ, शिफारशीच्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर तो लागणे बंधनकारक आहे. दुसरे असे की गाडीत आज किती माणसे बसली आहेत, हे यंत्रणेला सहसा ठाऊक नसते. ती तुलना करते ती नेहमीच्या २.१ बारशी, म्हणजे ३०.५ पीएसआयशी. त्या हिशेबाने २९ म्हणजे फक्त पाच टक्के कमी. दिवा गप्प बसतो. काही गाड्यांमध्ये ‘पूर्ण भार’ असा पर्याय स्क्रीनवर निवडता येतो, पण तो निवडायला हवा.

काही गाड्यांत तर टायरमध्ये दाब मोजणारा सेन्सरच नसतो. ब्रेकच्या यंत्रणेतले चाकाची गती मोजणारे सेन्सर एखादे चाक इतरांपेक्षा वेगळे फिरते आहे का, एवढेच बघतात. हवा भरल्यानंतर अशा गाडीत स्क्रीनवरून ‘रीसेट’ करायचे असते. म्हणजे यंत्रणा आताची स्थिती हीच योग्य, असे मानून पुढची तुलना करते. २९ भरून आज्ञाधारकपणे रीसेट केले, तर चुकीचा दाबच तिच्यासाठी प्रमाण ठरला. त्यानंतर दिवा लागेल तो तिथून आणखी बरीच हवा गेल्यावर.

ज्या गाडीत प्रत्येक टायरचा दाब आकड्यांत दिसतो, तिथे मात्र या सगळ्या गुणाकाराला सोपी पळवाट आहे. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये एककांचा पर्याय बहुधा असतो. तिथे bar ऐवजी psi निवडले की गाडी आणि पंप एकाच भाषेत बोलू लागतात. हवा भरल्यावर दहाएक मिनिटे गाडी चालवून स्क्रीनवरचा आकडा बघितला, तर पंपावरच्या यंत्राचीही परीक्षा होते. त्याने ४२ म्हटले आणि गाडी ३० दाखवते आहे, अशी तफावत असेल तर परत फिरलेले बरे.

गरम टायरचा हिशेब

त्या कोकणच्या गाडीकडे परत येऊ. चालकाला वाटेत कुणीतरी चूक दाखवली आणि त्याने तासाभराने दुसऱ्या पंपावर गाडी उभी केली. आता ४२ भरायचे का?

नाही. स्टिकरवरचा आकडा नेहमी थंड टायरसाठी असतो. थंड म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा अगदी दोन-तीन किलोमीटरच चाललेली असताना. तासभर धावलेला टायर तापलेला असतो आणि आतल्या हवेचा दाब वाढलेला असतो. किती? आपल्या ४२ पीएसआयच्या टायरसाठी तापमान दहा अंशांनी वाढले की जवळपास दोन पीएसआय. टायर वीस अंशांनी तापला तर जवळपास चार. म्हणून गरम टायरमध्ये हवा भरावीच लागली, तर शिफारशीच्या आकड्यात सुमारे ०.३ बार मिळवून भरावे असा सल्ला टायर कंपन्या देतात. २.९ अधिक ०.३ म्हणजे ३.२ बार. पंधराने गुणा, ४८. निम्मा, म्हणजे १.६, वजा करा. ४६ आले. त्या पंपावर मागच्या टायरांत ४६ भरायचे आणि मुक्कामी पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर पुन्हा मोजून ४२ करायचे.

याउलट, थंड असताना नीट ४२ भरलेल्या टायरने वाटेत ४६ दाखवले, तर ती जास्तीची हवा सोडायची नसते. गरम टायरला ४२ वर आणले, तर सकाळी तो ३८ वर उतरलेला मिळेल.

इंजिनीअरिंगच्या पुस्तकातला एक प्रश्न इथे काहींना पडतो. टायरबाहेर वातावरणाचा दाब असतोच, तोही साधारण एक बार. मग तो हिशेबात मिळवायचा का? मिळवायचा नाही. स्टिकरवरचा आकडा आणि गेजवरचा आकडा, दोन्ही वातावरणाच्या वरचाच दाब सांगतात. पंक्चर झालेल्या टायरवर गेज शून्य दाखवते ते त्यामुळेच. बारमधले शून्य आणि पीएसआयमधले शून्य एकच असल्याने नुसता गुणाकार पुरतो. सेल्सिअसचे फॅरेनहाइट करताना ३२ मिळवावे लागतात, तसे इथे काही नाही.

पुस्तिका पीएसआयमध्ये आणि पंप बारमध्ये असेल तर?

उलटी अडचण येते ती घरी मागवलेल्या छोट्या इलेक्ट्रिक पंपामुळे किंवा पायाने दाबायच्या पंपामुळे. जर्मनीसारख्या देशात भाड्याने गाडी घेऊन फिरणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांनाही ती भेटते. तिथे यंत्रावर बार असतो आणि डोक्यात मात्र ‘बत्तीस’ बसलेले असते.

इथे पीएसआयची दुप्पट करून २९ ने भागावे. बत्तीस दुणे चौसष्ट, भागिले २९, म्हणजे २.२. छत्तीसला बहात्तर भागिले २९, म्हणजे साधारण २.५. काही जण पीएसआयला सातने गुणून शंभराने भागतात. तेही चालते, फक्त उत्तर दीड टक्का जास्त येते.

इलेक्ट्रिक पंपावर एकक बदलायचे बटण असते. ते दाबत गेले की स्क्रीनवर PSI, BAR, KPA, KG/CM2 असे पर्याय एकामागून एक येतात. चुकून PSI वर असताना २.९ लावले, तर पंप सुरू होताच थांबतो. BAR वर असताना ४२ लावता येतच नाही. म्हणजे या दोन चुका यंत्रच पकडते. न पकडली जाणारी चूक KG/CM2 ची. तिथे २.९ लावले तर पंप निमूटपणे भरतो, पण ते ४१ पीएसआय होतात. फरक एकाचाच आहे, घाबरण्यासारखा नाही. पण दोन गेज एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे कोडे अनेकदा इथे सुटते.

पायपंपाच्या गोल काट्याच्या गेजवर एकात एक अशा दोन पट्ट्या असतात. एकीवर शून्य ते दहा, दुसरीवर शून्य ते दीडशे. पहिली बारची, दुसरी पीएसआयची. त्यांचे रंग बहुधा वेगळे असतात. काटा एकच असल्याने तिथे गुणाकाराची गरजच नाही, काट्याखालचे दोन्ही आकडे वाचायचे. फक्त दहा बारच्या पट्टीवर २.९ ची रेघ शोधणे डोळ्यांना अवघड जाते, म्हणून कारसाठी पीएसआयची पट्टी बरी.

राहिली स्टेपनी. अनेक गाड्यांत आता पूर्ण मापाचे जादा चाक नसते, बारीक आणि हलके तात्पुरते चाक असते. त्याच्या भिंतीवर ४२० केपीए किंवा ६० पीएसआय असे छापलेले आढळते. बारमध्ये ४.२. डिकीतून निघालेल्या त्या किरकोळ दिसणाऱ्या चाकात ‘साठ भर’ म्हटल्यावर पंपावरचा मुलगा पुन्हा एकदा विचारेलच, ‘दादा, नक्की साठ?’ या वेळी मात्र उत्तर खरोखरच ‘हो’ असे आहे. या चाकाचा दाब साधारण चाकाच्या दुप्पट असतो आणि त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जायचे नसते. त्यात बत्तीस भरून ठेवलेली स्टेपनी पंक्चरच्या रात्री गाडीखाली लावली, की ती जमिनीला टेकून बसते.